मराठी हुकूमनाम्याचं परदेशासाठी भाषांतर: नक्कल कोणती, सही कोणाची

पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाचा परस्पर संमतीने घटस्फोटाचा मराठी निकाल हातात आहे, आणि दुसऱ्या लग्नाच्या आधारे अमेरिकेच्या व्हिसासाठी अर्ज करायचा आहे. अशा वेळी बहुतेक लोक आधी भाषांतरकार शोधतात. पण आधी विचारायचं असतं ते कागद घेणाऱ्या कार्यालयाला, कारण भाषांतर कोणी प्रमाणित करायचं हे तेच ठरवतं. भारतात शपथबद्ध भाषांतरकारांना परवाना देणारी एकच मध्यवर्ती यंत्रणा नाही, त्यामुळे 'सरकारमान्य भाषांतर' या पाटीवर विसंबून राहू नये.

अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची अट साधी आहे. संपूर्ण इंग्रजी भाषांतर हवं. सोबत भाषांतरकाराचं सही केलेलं निवेदन हवं, की भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात. नोटरी लागत नाही. ब्रिटनच्या व्हिसासाठी निवेदनात भाषांतराची तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्काचा तपशीलही लागतो. जर्मनीत मात्र सहसा तिथल्या न्यायालयात शपथ घेतलेला भाषांतरकार मागतात. इथून करून नेलेलं चांगलं भाषांतरही परत येऊ शकतं. नोटरीला 1952 च्या कायद्याच्या कलम 8 नुसार भाषांतर करण्याचा व ते पडताळण्याचा अधिकार आहे खरा, पण त्याने फक्त भाषांतरकाराच्या सहीची साक्ष दिली असेल, तर मजकुराच्या अचूकतेची हमी त्यात नसते.

आता कागद. ई-कोर्टच्या संकेतस्थळावरून उतरवलेली प्रत चालेल असं धरू नका. न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून न्यायनिर्णय आणि हुकूमनामा, दोन्हींच्या प्रमाणित नकला घ्या. संमतीच्या प्रकरणात पोटगी, मुलांचा ताबा यांच्या अटी बऱ्याचदा वेगळ्या पुरशीसमध्ये, म्हणजे पक्षकारांनी न्यायालयात दिलेल्या लेखी निवेदनात असतात आणि आदेशात त्या हुकूमनाम्याचा भाग समजाव्यात असं लिहिलेलं असतं. तसं असेल तर ती पुरशीसही मागून घ्या, नाहीतर कागद अपुरा ठरतो.

अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून त्यावर लागणारं सरकारी प्रमाणपत्र, लागणार असेल तर ते नकलेवर आधी करून घ्या आणि मगच भाषांतराला द्या, म्हणजे अपोस्टिलचा मजकूरही भाषांतरात येतो. भारतात ही पद्धत 2005 पासून लागू आहे आणि परराष्ट्र मंत्रालय ते देतं. अमेरिकेच्या इमिग्रेशन अर्जाला सहसा ते मागत नाहीत. भारताच्या बाबतीत जर्मनीने आक्षेप नोंदवल्यामुळे भारतीय अपोस्टिल तिथे उपयोगी पडत नाही. तिथे पैसे उगीच खर्च होतात.

भाषांतरात खरी चूक होते ती नेहमीच्या शब्दांत. 'निकाली काढण्यात आला' म्हणजे प्रकरण संपलं. त्याचं 'फेटाळला' केलं, की घटस्फोट मिळालाच नाही असा अर्थ होतो. 'फारकत' बोलीत घटस्फोट असते, पण 'न्यायिक फारकत' म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम 10 खालचं वेगळं राहणं, ज्यात लग्न टिकून असतं. वरच्या प्रकरणात दोघंही अर्जदार असतात, क्रमांक 1 आणि 2. तिथे सवयीने जाबदार लिहिला, तर वाचणाऱ्याला तो एकतर्फी दावा वाटतो.

तारखेचंही तसंच. 05/04/2019 म्हणजे आपल्याकडे 5 एप्रिल, अमेरिकेत 4 मे. म्हणून महिना अक्षरात लिहावा. नकलेच्या शेवटी नकलेसाठी अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची अशा आणखी तारखा असतात. अर्जात घटस्फोटाची तारीख म्हणून हुकूमनाम्याची तारीखच द्यायची, नकलेची नव्हे.

नावांचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे ठेवावं, नाहीतर ज्ञानेश्वर एका कागदावर एका स्पेलिंगने आणि दुसऱ्यावर दुसऱ्याने येतो. पण निकालातच बायकोचं नाव माहेरच्या आडनावाने असेल आणि पासपोर्टवर सासरचं, तर भाषांतरकाराने ते 'सुधारू' नये. मूळात आहे तेच लिहून तळाशी भाषांतरकाराची टीप द्यावी. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे सिद्ध करायला वेगळं प्रतिज्ञापत्र असतं. कोर्ट फी तिकीट, गोल शिक्का, समासातली सही यांचीही नोंद हवी. वाचता न येणारा शिक्का 'अस्पष्ट' असाच दाखवावा, अंदाजाने भरू नये.

फक्त शेवटचा आदेश भाषांतरित करून पैसे वाचवायचा मोह होतो. पण संपूर्ण भाषांतराची अट असलेल्या ठिकाणी पंधरा पानांच्या निकालाचं एक पान दिलं, की उरलेली चौदा मागवणारं पत्र येतं आणि अर्ज तेवढे दिवस तिथेच थांबतो.