संदर्भ कोरा, उत्तर मात्र ठाम

“आमची कागदपत्रं जोडली आहेत, म्हणजे मॉडेल आता मनाचं काही सांगणार नाही ना?”

सांगतं. अशा व्यवस्थेत आधी कागदपत्रांत प्रश्नाशी जुळणारे उतारे शोधले जातात आणि ते प्रश्नासोबत प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला दिल्या जाणाऱ्या मजकुरात, घातले जातात. या शोधातून काहीच हाती आलं नाही तरी प्रॉम्प्ट पुढे जातोच. फक्त ‘संदर्भ:’ या शब्दाखालची जागा कोरी राहते. समजा प्रश्न आहे, ‘रजा किती दिवस आधी कळवायची?’ प्रश्न आणि उतारा यांच्यातल्या साम्याची किमान मर्यादा ०.८ ठेवलेली आणि नेमका हवा तो उतारा ०.७४ वर अडकलेला. मग मॉडेल प्रशिक्षणात वाचलेल्या नियमावल्यांच्या वळणावर ‘१५ दिवस’ ठोकून देतं. ‘फक्त संदर्भातूनच उत्तर दे’ ही सूचना इथे बऱ्याचदा लंगडी पडते. म्हणून सापडलेल्या उताऱ्यांची यादी, म्हणजे `chunks`, रिकामी असेल तर मॉडेलकडे जाण्याआधीच कोडमध्ये अडवा:

```python
if not chunks:
    return "माहिती सापडली नाही"
```

उतारे आले पण गैरलागू निघाले, तर मात्र या ओळीचा उपयोग नाही.