टाकी आटली की ॲव्हरेज पडलं?

अमळनेरच्या आमच्या नानामामांची इलेक्ट्रिक स्कूटर फेब्रुवारीत एके दिवशी संध्याकाळी शेतातून परत येताना घराच्या अलीकडेच बंद पडली. मीटरवर २७ टक्के दिसत होतं. रस्त्याकडेच्या लिंबाखाली पाच-सात मिनिटं थांबल्यावर ती पुन्हा चालू झाली आणि कशीबशी दारापर्यंत आली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. ‘गाडीले काय व्हयनं काय म्हाईत,’ असं फोनवर सांगताना त्यांच्या आवाजात वैताग होता, कारण गावातल्या दुकानात मोटरला वीज पुरवणारा कंट्रोलर बदलून झाला होता, पैसे गेले होते आणि गाडी आता दोन-तीन किलोमीटर अजून आधी थांबत होती.

माझा धंदा इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांचा, त्यामुळे नात्यातल्या सगळ्या विजेवरच्या गाड्या शेवटी माझ्याकडे येतात. ‘रेंज अचानक कमी झाली’ ही तक्रार आली की मी आधी एकच प्रश्न विचारतो: टाकी लहान झाली की ॲव्हरेज पडलं? पेट्रोलच्या गाडीला हे कुणी विचारत नाही, कारण तिथे टाकी लहान होत नसते. इथे होते. उत्तर शोधायला गाडी उघडावी लागत नाही. चार्जरचा प्लग आणि भिंतीचं सॉकेट यांच्यामध्ये लावायचा, युनिट दाखवणारा छोटा मीटर मिळतो, तो पुरतो.

नानांच्या गाडीचं गणित सोपं आहे. बॅटरी ६४ व्होल्ट, ३० अँपिअर-तासांची, म्हणजे तिच्यात सुमारे १.९ युनिट वीज मावते. चार्जरमध्ये थोडी उष्णता होऊन जाते, म्हणून पूर्ण रिकामी बॅटरी भरायला सॉकेटमधून साधारण २.२ युनिट लागतात. नवी असताना गाडी ७५ किलोमीटर जायची, म्हणजे युनिटमागे ३४ किलोमीटर. जुना कंट्रोलर मी परत बसवायला लावला, गाडी पूर्ण चार्ज करून ती थांबेपर्यंत चालवली आणि पुन्हा चार्जिंगला लावली. गाडी ५५ किलोमीटर गेली होती आणि चार्जरने फक्त १.६ युनिट घेतले. पूर्वी सहा तास चालणारं चार्जिंग साडेचार तासांत संपलं आणि हिरवा दिवा लागला.

५५ भागिले १.६ केलं की पुन्हा ३४ च येतात. ॲव्हरेज जागच्या जागी होतं, टाकीच आटली होती. दोष कंट्रोलर, मोटर किंवा ब्रेकमध्ये असता तर चार्जरने पूर्वीसारखेच २.२ युनिट घेतले असते आणि युनिटमागे २५ किलोमीटर पडले असते. दुकानदाराने ही एक गोष्ट पाहिली असती तर कंट्रोलरला हात लावायची गरज पडली नसती.

आता टाकी आटते म्हणजे काय होतं? नानांच्या बॅटरीत लिथियम आयर्न फॉस्फेटचे २० सेल एकामागे एक जोडलेले आहेत. माळेत जोडले असल्यामुळे प्रत्येकातून तेवढाच करंट जातो, आणि त्यातला एक जरी रिकामा झाला तरी सगळ्यांचं काम थांबतं. थांबवण्याचं काम बॅटरीतला बीएमएस, म्हणजे सेलवर नजर ठेवणारं सर्किट, करतो. तो प्रत्येक सेलचा व्होल्टेज वेगळा पाहतो, आणि एखादा सेल अडीच व्होल्टच्या आसपास उतरला की पूर्ण बॅटरीचा पुरवठा तोडतो, कारण त्याखाली गेलेला सेल कायमचा बिघडू शकतो.

हँडलवरच्या मीटरला मात्र यातलं काही कळत नाही. साध्या गाड्यांतला मीटर बॅटरीचा एकूण व्होल्टेज पाहून टक्के दाखवतो. या जातीचे सेल जवळजवळ शेवटपर्यंत ३.२ ते ३.३ व्होल्ट धरून असतात. एकोणीस सेल ३.२५ वर आणि एक ३.० वर आला, तर एकूण ६५ व्होल्टमधून पाव व्होल्ट कमी होतो. मीटरला तो दिसतसुद्धा नाही. पुढच्या चढावर त्या एकाचा जीव जातो आणि गाडी २७ टक्क्यांवर थांबते. ते २७ टक्के खोटे नव्हते, बाकीच्या एकोणीस सेलमध्ये तेवढी वीज खरोखरच पडून होती. थोडं थांबल्यावर करंट बंद असल्याने बसलेल्या सेलचा व्होल्टेज जरा वर येतो, बीएमएस पुरवठा पुन्हा जोडतो आणि गाडी दम घेऊन उठल्यासारखी दोन-तीनशे मीटर जाते.

नानांच्या बीएमएसला ब्लूटूथ होतं, म्हणून मोबाइलवर वीसही आकडे पाहता आले. गाडी थांबली तेव्हा अकरावा सेल २.५ वर होता आणि बाकीचे ३.२ च्या आसपास. इथे घाई करून ‘अकरावा गेला’ म्हणायचं नाही. चार्जिंग संपताना तोच सेल कुठे असतो ते पाहायचं, कारण खरी गोम तिथे कळते. सेलची ताकदच घटली असेल, तर लहान भांडं जसं आधी रिकामं होतं तसं आधी भरतंही, म्हणजे चार्जिंग संपताना तो सेल सगळ्यांत पुढे असतो. भांडं तेवढंच असून फक्त कमी भरलेलं असेल, तर तो चार्जिंगच्या शेवटीही मागेच राहतो. अकरावा मागे होता. बाकीचे ३.६ कडे धावत होते आणि हा ३.३ वर रेंगाळत होता. सेल शाबूत होता, उपाशी होता. (तिसरा प्रकारही असतो: रेस दिली की व्होल्टेज धाडकन पडतो आणि सोडली की लगेच जागेवर येतो. त्या सेलचा आतला रोध वाढलेला असतो, किंवा त्याची जोडणी सैल असते.)

उपाशी का राहिला, याचं उत्तर नानांच्या सवयीत मिळालं. ‘मोबाइलसारखं, पूर्ण चार्ज केली की बॅटरी लवकर खराब होते’ असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून ते रोज ९० टक्क्यांवर प्लग काढायचे. सल्ला अगदीच चुकीचा नाही. पण बहुतेक बीएमएस सेलची बरोबरी करतात ती चार्जिंगच्या अगदी शेवटी, भरलेल्या सेलमधली थोडी वीज रोधातून जाळून. तो करंट असतो जेमतेम ५० मिलिअँपिअर. अकरावा सेल स्वतःहून इतरांपेक्षा थोडा जास्त झिरपत होता. तो ८ अँपिअर-तास मागे पडला होता, आणि गाडी घेऊन आठ महिने झाले होते, म्हणजे दिवसाला ३३ मिलिअँपिअर-तासांची गळती. रोज पूर्ण चार्जवर पाऊण तास जास्त ठेवली असती तर ती भरून निघाली असती. आठ महिने तो पाऊण तास मिळालाच नाही.

‘अचानक’चाही उलगडा यातच आहे. रेंज दर महिन्याला अडीच किलोमीटरने घटत होती. पण नानांची रोजची धाव ४८ किलोमीटरची, त्यामुळे तोवर काही जाणवलं नाही. फेब्रुवारीत ९० टक्क्यांवर मिळणारी रेंज ४८ च्या खाली आली आणि त्या दिवशी गाडी ‘अचानक’ बिघडली.

मग दुकानदाराला कंट्रोलर का वाटला? थांबण्याआधी गाडी झटके मारत होती. व्होल्टेज कोसळायला लागला की कंट्रोलर ताकद कमी करतो, पुन्हा देतो, पुन्हा कमी करतो, आणि बाहेरून ते कंट्रोलरचंच दुखणं वाटतं. नवा कंट्रोलर जास्त करंट ओढणारा निघाला. त्याने अशक्त सेलचा व्होल्टेज अजून खाली ओढला आणि गाडी अजून लवकर थांबली.

खरा बिघडलेला कंट्रोलर गुपचूप रेंज खात बसत नाही. गाडी सुरू होताना थरथरते, मोटर घरघर करते, कधी ढकलल्याशिवाय उचलत नाही. पुष्कळदा यामागे मोटरमधला हॉल सेन्सर किंवा त्याची सुटलेली तार असते. चाकाची जागाच नीट कळत नसल्याने कंट्रोलर चुकीच्या क्षणी करंट देतो आणि तो उष्णतेत जातो. थोडं चालवून कंट्रोलर हाताला चटका देत असेल तर इकडे पाहावं. चाकातच मोटर असेल तर एक सोपी परीक्षा आहे. चावी बंद करून गाडी डबल स्टँडवर लावा आणि मागचं चाक हाताने फिरवा. चाक अडखळत, जड फिरत असेल, तर मेकॅनिककडून मोटरच्या तीन जाड तारा कंट्रोलरपासून सोडवून घ्या. मग चाक मोकळं झालं तर कंट्रोलरमध्ये आतून शॉर्ट आहे, नाही झालं तर दोष मोटरच्या बाजूला किंवा ब्रेकमध्ये आहे.

ब्रेकचं प्रकरण माझ्या स्वतःच्या गाडीवर गेल्या पावसाळ्यात झालं. लिव्हरमध्ये छोटं स्विच असतं. ब्रेक दाबला की ते मागचा लाल दिवा लावतं आणि कंट्रोलरला मोटर बंद करायला सांगतं. काळ्या मातीचा चिखल त्यात बसला, लिव्हर पूर्ण मागे येईना आणि खड्ड्यातून गेलं की मोटर क्षणभर सुटायची. मीटर मात्र लख्ख चालू. यातच फरक ओळखता येतो. बीएमएसने पुरवठा तोडला की बहुतेक गाड्यांत मीटर, हेडलाइट, सगळंच एकदम विझतं. ब्रेकच्या स्विचने तोडलं की फक्त मोटर थांबते आणि ब्रेक न दाबताही मागचा लाल दिवा लागलेला दिसतो. संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून लावा आणि लिव्हर हलकेच हलवून पाहा, लाल उजेड लुकलुकला की चोर सापडला.

हे स्विच एकटं रेंज खात नाही, मोटर बंद असताना वीज खर्च होतेच कुठे? रेंज दोन वाटांनी जाते. परत न आलेली लिव्हर ब्रेकचे लायनर ड्रमला घासत ठेवते. आणि ज्या गाडीत ब्रेक लावल्यावर मोटर उलटी वीज बनवते, तिथे प्रत्येक खोट्या इशाऱ्याला गाडी थोडी अडते, तुम्ही पुन्हा रेस देता आणि गेलेल्या विजेतला काही भागच परत येतो. माझी गाडी युनिटमागे ३३ वरून २७ वर आली होती. लिव्हर साफ करून, केबल थोडी सैल केल्यावर ३२ झाली. टायरची हवा तपासली असती तर कदाचित तो उरलेला एक किलोमीटरही मिळाला असता.

एक अपवाद लक्षात ठेवावा. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा पहाटे रेंज कमीच मिळते. ती थंडी असते, बिघाड नव्हे, आणि दुपारच्या फेरीला फरक पडतो.

नानांची बॅटरी उघडायचं काम ओळखीच्या बॅटरीवाल्याकडे दिलं. पूर्ण भरल्यावर तिच्यात ७३ व्होल्ट डीसी असतात, स्क्रू ड्रायव्हर चुकून दोन टोकांना लागला तर ठिणगीवर भागत नाही. शिवाय वॉरंटी चालू असेल तर सील न तोडता कंपनीकडेच पाठवावी. नानांच्या बॅटरीचं सील दुकानदाराने आधीच तोडून ठेवलं होतं, त्यामुळे तो प्रश्न मिटलेला होता. बीएमएसच्या ५० मिलिअँपिअरवर ती बरोबरी व्हायला १६० तास लागले असते. बॅटरीवाल्याने अकराव्या सेलला वेगळा, एका सेलचा चार्जर लावला, दोन अँपिअरने चार तास, आणि मग पूर्ण बॅटरी रात्रभर चार्जिंगला ठेवली.

पहिल्या फेरीत ७४ किलोमीटर मिळाले. नाना आता शनिवारी रात्री गाडी चार्जिंगला लावून सकाळपर्यंत काढत नाहीत. महिन्याने मी पुन्हा मोबाइलवर आकडे पाहिले, चार्जिंग संपताना अकरावा बाकीच्यांच्या रांगेत होता. काढून ठेवलेला नवा कंट्रोलर दुकानदार परत घेईना, तो अजून नानांच्या माळ्यावर आहे.