कॅनव्हास-गेम वेगवान मॉनिटरवर का पळतो: पार्श्वभूमी

60 हर्ट्झच्या मॉनिटरवर नीट चालणारा ब्राउझरमधील गेम 144 हर्ट्झच्या मॉनिटरवर जवळजवळ अडीच पट वेगाने पळू लागतो, ही तक्रार आता नवी राहिलेली नाही. चेंडू प्रत्येक फ्रेमला 5 पिक्सेल सरकत असेल, तर 60 हर्ट्झवर तो सेकंदाला 300 पिक्सेल जातो आणि 144 हर्ट्झवर 720. 800 पिक्सेल रुंदीचा कॅनव्हास ओलांडायला त्याला पहिल्या पडद्यावर सुमारे 2.7 सेकंद लागतात, तर दुसऱ्यावर 1.1. कोडमध्ये एक अक्षरही बदललेले नसते. हा दोष गेमच्या लूपमध्ये कधी आणि कोणत्या वाटेने शिरला, याचा मागोवा येथे घेतला आहे.

ब्राउझरच्या आधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. 4.77 मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर बेतलेले जुने गेम पुढच्या पिढीच्या संगणकांवर खेळता येणार नाहीत इतके वेगवान होत, आणि म्हणूनच त्या काळच्या अनेक संगणकांवर वेग कमी करणारे टर्बो बटण असे. दूरचित्रवाणीला जोडायच्या गेम-यंत्रांवर 60 हर्ट्झसाठी लिहिलेला गेम 50 हर्ट्झच्या प्रदेशांत सहाव्या हिश्शाने मंद चाले. ब्राउझरमधील गेमला हा वारसा थेट मिळालेला नाही. किंबहुना, सुरुवातीची काही वर्षे तो या दोषापासून बऱ्यापैकी मुक्तच होता.

कॅनव्हास 2004 मध्ये आला. त्यावरचे पहिले गेम `setInterval` वापरत, आणि त्यात बहुधा 1000/60 हा आकडा असे. ब्राउझर तो 16 मिलिसेकंदांवर आणत, त्यामुळे लूप सेकंदाला सुमारे 62 वेळा चाले, तोही गचके खात. पण मॉनिटर कोणता आहे याच्याशी त्या टायमरला देणेघेणे नव्हते. हालचाल ओबडधोबड असली, तरी गेमचा वेग सगळीकडे साधारण सारखा राही.

2011 च्या सुमारास `requestAnimationFrame` उपसर्ग लावलेल्या नावांनी ब्राउझरांमध्ये आले. पडदा पुन्हा रंगवण्याच्या आधी आपले फंक्शन एकदा बोलवावे, अशी विनंती ते ब्राउझरला करते. दिसत नसलेल्या टॅबमध्ये ते थांबते, त्यामुळे वीज वाचते, आणि चित्र पडद्याच्या लयीत बदलत असल्याने गचके कमी होतात. मात्र सेकंदाला किती वेळा बोलवायचे, हे सांगण्याची सोय त्यात ठेवलेली नाही. तो आकडा पडदा ठरवतो. टायमर काढून हे फंक्शन बसवा, हा सल्ला तेव्हा सर्वत्र दिला गेला आणि तो योग्यच होता, परंतु ‘प्रत्येक फ्रेमला 5 पिक्सेल’ हे गणित मात्र जुन्याच रूपात पुढे आले. ज्या बदलाने हालचाल सुधारली, त्याच बदलाने गेमचे घड्याळ मॉनिटरच्या हाती गेले.

हे लवकर कोणाच्या लक्षात आले नाही, कारण त्या वेळचे बहुतेक पडदे 60 हर्ट्झचे होते. 120 आणि 144 हर्ट्झचे मॉनिटर आधी गेम खेळणाऱ्यांकडे पोहोचले आणि 2017 नंतर 120 हर्ट्झचे पडदे टॅबलेट आणि फोनमध्येही दिसू लागले. तोवर पहिल्या फळीतील शिकवण्या आणि नमुना-कोड ठरून गेले होते.

खरे तर उपाय पहिल्यापासून हाताशी होता. ब्राउझर आपले फंक्शन बोलावताना त्याला एक टाइमस्टॅम्प देतो. तो न वापरण्याचा दोष केवळ आळसाचा मानणे अन्यायाचे होईल. सुरुवातीच्या आवृत्त्यांत हा आकडा 1970 पासूनच्या मिलिसेकंदांत असे. 2012 मध्ये तो बदलला आणि पान उघडल्यापासूनच्या, दशांशासह मोजलेल्या मिलिसेकंदांत मिळू लागला. ज्यांनी सुरुवातीची वेळ `Date.now()` ने घेतली होती आणि पुढची वेळ टाइमस्टॅम्पमधून, त्यांच्या वजाबाकीचे उत्तर एका दिवसात उणे सव्वा लाख कोटींच्या पलीकडे गेले. शिवाय जुन्या ब्राउझरांसाठी सर्वत्र चिकटवला जाणारा पर्यायी तुकडा आतून `setTimeout(callback, 1000 / 60)` एवढेच करी. त्यातून फंक्शनला टाइमस्टॅम्प मिळतच नसे. अशा स्थितीत तो आकडा बाजूला ठेवणे अनेकांना सुरक्षित वाटले, आणि त्याच तुकड्यातील 60 हा आकडा जणू नियम म्हणून मनात बसला.

पुढचा वाद याच 60 भोवती आहे. वेगवान मॉनिटरची तक्रार आली की सर्वांत जास्त सुचवला जाणारा इलाज म्हणजे जादा फ्रेम सोडून देणे:

```js
requestAnimationFrame(loop);
if (t - last < 1000 / 60) return;
last = t;
```

दोन ओळींत काम होते आणि गेमचे बाकीचे गणित बदलावे लागत नाही, हे या मार्गाचे आकर्षण आहे. परंतु 144 हर्ट्झवर तो प्रत्यक्षात काय करतो ते पाहावे. तेथे एक फ्रेम 6.94 मिलिसेकंदांची असते. दोन फ्रेमनंतर 13.89 मिलिसेकंद झालेले असतात, म्हणजे 16.67 पेक्षा कमी, म्हणून ती फ्रेम सोडली जाते. तिसऱ्या फ्रेमला 20.83 होतात आणि लूप चालतो. परिणामी गेम सेकंदाला 60 नव्हे, तर 48 वेळा पुढे सरकतो. पळणारा गेम आता मूळ वेगाच्या 80 टक्क्यांवर येतो. 75 हर्ट्झच्या साध्या मॉनिटरवर अवस्था आणखी वाईट होते, कारण तेथे दर दुसरीच फ्रेम पात्र ठरते आणि सेकंदाला 37.5 फेऱ्या उरतात.

एवढ्यावर भागत नाही. 2018 च्या सुरुवातीला प्रोसेसरमधील सुरक्षा-त्रुटी उघड झाल्यावर ब्राउझरांनी वेळेची अचूकता मुद्दाम कमी केली आणि काहींमध्ये टाइमस्टॅम्प पूर्ण मिलिसेकंदावर आला. अशा ठिकाणी 60 हर्ट्झच्या पडद्यावरच दोन फ्रेममधील फरक कधी 16, तर कधी 17 येतो. 16 आला की वरची अट ती फ्रेम टाकते आणि एरवी निर्दोष चालणारा गेम मध्येच ठेचकाळतो. उरलेला वेळ पुढे नेण्यासाठी `last = t` ऐवजी `last = t - (t - last) % (1000 / 60)` लिहिण्याची दुरुस्ती सांगितली जाते. तिने सरासरी 60 वर येते, पण 144 हर्ट्झवर कधी दोन, तर कधी तीन फ्रेमनंतर चित्र हलते, आणि 30 हर्ट्झवर चालणाऱ्या पडद्याला तिचा काहीच उपयोग नाही. वीज वाचवण्याच्या स्थितीत काही फोन फेऱ्या 30 वर आणतात, तेव्हा गेम निम्म्या वेगाने रांगतो. या इलाजाला दुरुस्ती म्हणणे प्रस्तुत लेखकाला पटत नाही. तक्रार करणाऱ्याच्या मॉनिटरपुरती ती लक्षणे दाबली जातात, इतकेच.

टाइमस्टॅम्पवर आधारलेला मार्ग वेगळा आहे. त्यात फ्रेम कितीही येवोत, मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला तेवढीच हालचाल केली जाते:

```js
let last = null;
function loop(t) {
  if (last === null) last = t;
  const dt = Math.min((t - last) / 1000, 0.1);
  last = t;
  update(dt);
  draw();
  requestAnimationFrame(loop);
}
requestAnimationFrame(loop);
```

`last` ची पहिली किंमत ब्राउझरने दिलेल्या टाइमस्टॅम्पमधूनच घेणे आवश्यक आहे. ती `undefined` राहिली तर `dt` ची किंमत `NaN` होते, चेंडूची जागाही `NaN` होते आणि कॅनव्हास कोणतीही तक्रार न करता काहीच काढत नाही. ती `performance.now()` ने घेतली तर पहिला फरक उणे येऊ शकतो, कारण टाइमस्टॅम्प हा फ्रेम सुरू झाल्याचा क्षण असतो, फंक्शन चालल्याचा नव्हे. 0.1 ची मर्यादा टॅब बदलून परतणाऱ्यांसाठी आहे. पाच मिनिटांनी परत आल्यावर ती नसेल, तर सेकंदाला 300 पिक्सेल जाणारा चेंडू एका फ्रेममध्ये 90,000 पिक्सेल फेकला जातो.

जुने आकडे बदलताना खरी चूक होते ती गुरुत्वाकर्षणात. उडी मारताना वेग दर फ्रेमला उणे 10 पिक्सेल आणि गुरुत्वाकर्षण दर फ्रेमला 0.5 असे धरू. वेग 60 ने गुणला की सेकंदाला 600 पिक्सेल होतो. त्वरणात मात्र फ्रेमचा हिशेब दोनदा येतो, त्यामुळे 0.5 ला 3600 ने गुणून 1800 घ्यावे लागते. एकदाच गुणून 30 घेतले, तर खेळाडू 20 सेकंद वर जात राहतो आणि सुमारे 6,000 पिक्सेल उंच पोहोचतो, हे पडद्यावर लगेच कळते. घर्षण शांतपणे बिघडते. दर फ्रेमला वेग 0.9 ने गुणणारी ओळ तशीच राहिली, तर 144 हर्ट्झवर पात्र फार लवकर थांबते. तेथे `Math.pow(0.9, dt * 60)` लिहावे लागते.

इतके करूनही एक फरक उरतो. आधी वेग आणि मग जागा बदलणाऱ्या लूपमध्ये वरची उडी 60 हर्ट्झवर 95 पिक्सेल उंच जाते, 144 हर्ट्झवर सुमारे 98 आणि 30 हर्ट्झवर 90. 92 पिक्सेलवर ठेवलेली पायरी पहिल्या दोघांना गाठता येते, तिसऱ्याला कधीच नाही. चेंडूचा वेग सर्वत्र सारखा दिसत असल्याने ही तफावत चाचणीत निसटते.

म्हणून ज्या गेममध्ये उड्या, टकरी किंवा गुणतक्ते आहेत, तेथे गणिताचे पाऊल ठरावीक ठेवून टाइमस्टॅम्प फक्त पावलांची संख्या ठरवण्यासाठी वापरतात:

```js
acc += dt;
while (acc >= STEP) {
  update(STEP);
  acc -= STEP;
}
draw(acc / STEP);
```

`acc` मध्ये अजून न वापरलेला वेळ साठतो आणि तो लूपच्या बाहेर 0 पासून सुरू करावा लागतो. `STEP` ची किंमत 1/60 असेल, तर उडी प्रत्येक मॉनिटरवर 95 पिक्सेलच भरते आणि जुने आकडे न बदलताही चालतात. टाइमस्टॅम्प पूर्ण मिलिसेकंदावर आणलेला असला तरी चूक साचत जात नाही, कारण एका फरकात कमी पडलेला अंश पुढच्या फरकात भरून येतो. 144 हर्ट्झवर मात्र काही फ्रेममध्ये एकही पाऊल पडत नाही. तेथे मागची आणि आताची जागा यांच्यामधले चित्र `acc / STEP` च्या प्रमाणात काढावे लागते, नाहीतर वेगवान पडद्यावर हालचाल तुटक दिसते. त्याची किंमत म्हणून पडद्यावरचे चित्र गणिताच्या एका पावलापर्यंत मागे राहते. दुरुस्ती तपासायला 144 हर्ट्झचा मॉनिटर लागतोच असे नाही. प्रदर्शनाच्या सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट 50 किंवा 75 वर नेता येत असेल, तर तेथे एका उडीची उंची आणि कॅनव्हास ओलांडण्याचा वेळ मोजून 60 वरच्या आकड्यांशी पडताळले की पुरते.