केस कापू नका, भिंतीच्या रंगाने भागा

पासपोर्टच्या फोटोतली भिंत पुसून मागे पांढरा रंग भरला, की केसांभोवती बहुतेक वेळा पिवळट किंवा निळसर वलय उरतं. कितीही बारकाईने कापलं तरी ते जात नाही. कारण केस आणि भिंत यांच्यामध्ये कापण्याजोगी रेघच नसते.

माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. ८१० पिक्सेल उंचीच्या फोटोत डोकं साडेसहाशे पिक्सेलचं धरलं, तर एका पिक्सेलमध्ये प्रत्यक्षातला सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर मावतो. म्हणजे सुटा केस पिक्सेलचा जेमतेम पाचवा हिस्सा व्यापतो. बाकीच्या चार हिश्श्यांत भिंतच असते आणि कॅमेरा दोन्हींचा मिळून एकच रंग नोंदवतो.

समजा, भिंत क्रीम रंगाची आहे: ० ते २५५च्या मापात लाल २२५, हिरवा २०५, निळा १६५. काळा केस ३०, २५, २०. मिश्र पिक्सेल येईल १८६, १६९, १३६. तो तसाच ठेवला तर पांढऱ्यावर पिवळट ठिपका दिसतो. ऐंशी टक्के पारदर्शक केला तर २४१, २३८, २३१ होतो. पिवळेपणा राहतोच, शिवाय केस विरून जातो. खऱ्या पांढऱ्या भिंतीपुढे तो जवळपास २१०, २०९, २०८ दिसला असता.

आता गणिताची गंमत पाहा. मिश्र पिक्सेलच्या प्रत्येक आकड्याला भिंतीच्या आकड्याने भागून २५५ने गुणा. उत्तर येतं २११, २१०, २१०. केसाने किती जागा व्यापली होती, हे ठाऊक असण्याची गरजच पडली नाही! भिंतीला भिंतीनेच भागलं की पूर्ण पांढरा मिळतो, म्हणून ही युक्ती फक्त पांढऱ्या पार्श्वभूमीलाच चालते.

GIMP या फोटो सुधारण्याच्या प्रोग्राममध्ये केसांलगतच्या भिंतीचा रंग ड्रॉपरने उचला, त्या रंगाचा थर फोटोच्या वर ठेवा आणि त्याचा मोड Divide करा. मग त्या थराला मास्क लावून चेहरा, मान आणि कपडे काळ्या ब्रशने झाका, नाहीतर कातडीचा रंगही बदलेल. मास्कची कड केसांच्या आतल्या गडद भागात, मऊ ब्रशने ठेवा. तिथे भागाकाराने फारसा फरक पडत नाही. भिंतीवर एका बाजूला सावली असेल तर सपाट रंगाऐवजी दोन्ही बाजूंचे रंग उचलून ग्रेडियंट भरा.

तपासायला सगळे थर मिळून दिसणाऱ्या चित्राची प्रत घ्या आणि तिच्यावर Threshold २५०वर न्या. भिंत जिथे पुरती पांढरी झालेली नाही, तिथे काळे डाग उमटतील.

गडद भिंतीपुढे ही पद्धत फसते: काळ्या केसांना गडद निळ्याने भागलं तर ते तांबूस होतात. पिकलेले केस भिंतीपेक्षा उजळ असले तर पांढऱ्यात हरवतात. आणि अमेरिकेच्या पासपोर्टसाठी सॉफ्टवेअरने बदललेला फोटो चालतच नाही. तिथे पांढऱ्या भिंतीपुढे नव्याने फोटो काढावा लागतो.