वरची मर्यादा तिघांवर उभी असते

थायरॉइडच्या रिपोर्टवर टीएसएचच्या, म्हणजे थायरॉइडला काम करायला लावणाऱ्या संप्रेरकाच्या, आकड्याशेजारी एक मर्यादा छापलेली असते. आपण तिला ‘नॉर्मल रेंज’ म्हणतो, लॅबच्या भाषेत ती संदर्भ मर्यादा. बहुतेक लॅबमध्ये ती किटसोबत आलेल्या माहितीपत्रकातून उचललेली असते, म्हणजे दुसऱ्याच कुठल्यातरी लोकांच्या रक्तावरून ठरवलेली असते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटवर एकाच रक्ताचे आकडे थोडे वेगळे येतात. माणसांच्या आहारातलं आयोडीनही जागोजागी वेगळं असतं. म्हणून पॅथॉलॉजीच्या पदव्युत्तर थेसिससाठी ‘आपल्या भागातल्या निरोगी लोकांची मर्यादा’ हा विषय वरचेवर घेतला जातो. विषय सोपा वाटतो: निरोगी माणसं गोळा करा, रक्त तपासा, आकडे मांडा. खरी मेख ‘निरोगी’ या शब्दात आहे. टीएसएचमध्ये ती जितकी स्पष्ट दिसते तितकी फार थोड्या चाचण्यांमध्ये दिसत असेल.

आधी मर्यादा काढतात कशी ते पाहू. प्रचलित पद्धतीनुसार एका गटात किमान १२० निरोगी माणसं लागतात. त्यांचे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावायचे, खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के सोडायचे आणि मधले ९५ टक्के ठेवायचे. १२० च्या ओळीत हे अडीच टक्के म्हणजे दोन्ही टोकांकडून तिसरा माणूस. खालची मर्यादा तिसऱ्या क्रमांकाचा आकडा, वरची ११८ व्या क्रमांकाचा. मधल्या शंभरेक जणांचे आकडे थोडे इकडेतिकडे झाले तरी मर्यादेला काही होत नाही. वर्षभर राबून जमवलेल्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा ओळीच्या टोकावरचे तिघेचौघे ठरवतात. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी ती एक्सेलची ओळ पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचून काढली होती.

आता एक उदाहरण करून बघू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, एकक मिली आंतरराष्ट्रीय युनिट प्रति लिटर. प्रश्नावली भरून घेतली: थायरॉइडचा आजार नाही, गोळ्या चालू नाहीत, गरोदरपण नाही. गळ्याला गाठ किंवा सूज नाही हेही तपासलं. १२० जण मिळाले. ओळीतला सगळ्यात लहान आकडा ०.४१. शेवटचे सात असे: ३.६२, ३.७८, ३.९५, ४.२१, ४.८६, ५.९४, ७.३०. म्हणजे ११८ वा ४.८६. वरची मर्यादा ४.८६ झाली.

७.३० बघून कुणाचीही भुवई उंचावेल. तो आकडा काढून टाकावा का? त्यासाठी एक जुना नियम आहे: शेवटच्या आणि त्याच्या आधीच्या आकड्यातलं अंतर हे सबंध पसाऱ्याच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातल्या फरकाच्या, एक तृतीयांशापेक्षा जास्त असेल तर तो आकडा बाहेरचा समजायचा. इथे अंतर १.३६ आणि पसारा ६.८९, म्हणजे साधारण पाचवा हिस्सा. नियम त्याला बाहेर काढत नाही, कारण शेजारचा ५.९४ त्याला आधार देतो. बाहेरचे दोघे शेजारी बसले की एकमेकांना लपवतात. त्यातून टीएसएचच्या आकड्यांची ओळ मुळातच मोठ्या आकड्यांच्या बाजूला लांबट असते. मोठे आकडे त्यात स्वाभाविक वाटतात, म्हणून सांख्यिकीचा एकटा नियम इथे पुरा पडत नाही.

मग पुढची पायरी घ्यावी लागते: थायरॉइडविरोधी अँटिबॉडी, मुख्यतः अँटी-टीपीओ. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइडवर हळूहळू हल्ला करत असली की त्या रक्तात दिसतात, आणि हे वर्षानुवर्षं कुठल्याही त्रासाशिवाय चालू शकतं. थायरॉइडचं काम कमी पडू लागलं की टीएसएच मात्र वाढतो. अमेरिकेतल्या १९८८ ते १९९४ च्या मोठ्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत, थायरॉइडचा आजार नसल्याचं सांगणाऱ्यांपैकीही साधारण ११ टक्के लोकांमध्ये त्या सापडल्या होत्या. प्रश्नावली या माणसांना पकडूच शकत नाही, कारण त्यांनाच ते ठाऊक नसतं.

आपल्या १२० जणांत समजा नऊ जण अँटिबॉडी असलेले निघाले. त्यातले पाच ओळीच्या मध्यावर विखुरलेले आहेत, पण चार जण वरच्या टोकाला बसलेले: ३.९५, ४.८६, ५.९४ आणि ७.३०. नऊ जणांना वगळलं, त्यांच्या जागी सगळी चाळणी पार केलेले नवे नऊ घेतले. नव्यांपैकी एकाचा आकडा ३.७०, बाकीचे मध्यावर. आता ओळीचा शेवट ३.६२, ३.७०, ३.७८, ४.२१ असा झाला. ११८ वा आकडा ३.७०. बदलली फक्त नऊ माणसं, तरी वरची मर्यादा ४.८६ वरून ३.७० वर आली. ज्या रुग्णाचा टीएसएच ४.५ आहे, त्याच्या रिपोर्टवर आधी काहीच खूण नव्हती, आता ‘एच’, म्हणजे आकडा जास्त, अशी खूण छापून येईल.

म्हणून माझं ठाम मत आहे की अँटिबॉडी न तपासता केलेल्या टीएसएचच्या थेसिसची वरची मर्यादा विश्वासाने वापरू नये. खर्च वाढतो हे खरं. मग एकच गट ठेवा, विषय फक्त तरुण प्रौढांपुरता ठेवा, पण ही पायरी गाळू नका. उलट टोकही टाळलं पाहिजे. वय वाढतं तसा टीएसएच थोडा वर सरकतो. गटात फक्त विशीतली माणसं घेतली आणि ती मर्यादा सत्तरीच्या आजींना लावली, तर निरोगी आजी रुग्ण ठरतील.

दुसरी चूक रक्त घेण्याच्या वेळेची. टीएसएच मध्यरात्रीनंतर सर्वांत जास्त आणि दुपारी सर्वांत कमी असतो. थेसिससाठी हाताशी असलेले स्वयंसेवक म्हणजे बहुतेक वेळा रुग्णालयातलेच सहकारी. सकाळी आठ वाजता रक्त द्यायला बाही वर करून खुर्चीत बसलेला निवासी डॉक्टर रात्रपाळी करून आलेला असतो, डोळे तांबारलेले. झोप झाली नाही की रात्री चढलेला टीएसएच नेहमीसारखा उतरत नाही. अशा माणसाचा आकडा त्याच्या शरीराचा आहे, पण निरोगी माणसाच्या नेहमीच्या सकाळचा नाही. फॉर्मवर ‘काल रात्री किती तास झोपलात?’ एवढा एक प्रश्न टाकला की हे सापडतं. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेता का, हेही विचारावं. काही किटमध्ये जास्त बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी दिसतो आणि मग खालची मर्यादा खाली ओढली जाते.

मर्यादा लिहिताना तिच्याभोवतीची अनिश्चितता लिहायची राहून जाते. १२० च्या ओळीत वरच्या मर्यादेचा ९० टक्के विश्वास-पट्टा, म्हणजे खरी मर्यादा जिथे असावी असा अंदाज असतो तो टप्पा, ११४ व्या आकड्यापासून १२० व्यापर्यंत असतो. अँटिबॉडी तपासण्याआधी तो ३.६२ ते ७.३० होता, इतका रुंद की मर्यादा नेमकी कुठे हे सांगणंच अवघड. चाळणीनंतर ११४ वा आकडा समजा ३.४१ असेल, तर पट्टा ३.४१ ते ४.२१. तक्त्यात ३.७० च्या शेजारी हे दोन्ही आकडे लिहायलाच हवेत. म्हणजे ३.९ चा रिपोर्ट हातात आलेल्या डॉक्टरला कळेल की ही खूण ठाम नाही. तो औषध सुरू करण्याआधी दोन-तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा करेल आणि जोडीला थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक फ्री टी४ आणि अँटी-टीपीओ मागवेल.

राहता राहिले वगळलेले नऊ जण. ते आपण निरोगी आहोत असं समजून आले होते. ७.३० च्या व्यक्तीला फोन करून बोलावणं, रिपोर्ट समजावणं आणि फिजिशियनकडे चिठ्ठी देणं हे संमतीपत्रात आधीच लिहिलेलं असायला हवं. तक्त्यातून त्यांचं नाव निघतं, लॅबच्या जबाबदारीतून नाही.