एका सूर्यनमस्कारात 13.9 कॅलरी खरंच जळतात का?

रथसप्तमी जवळ आली की व्हॉट्सअॅपवर तो मेसेज फिरायला लागतोच, एका सूर्यनमस्कारात 13.9 कॅलरी जळतात, म्हणजे 108 घातले की 1500 कॅलरी गेल्या. आणि मग लोक मनापासून महिनाभर रोज 12 घालतात, वजनकाट्यावर काहीच हलत नाही, आणि वैतागून सगळंच सोडून देतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण चूक त्यांची नाही, आकडा चुकीचा वापरला जातोय.

तसा आकडा खोटा नाहीये. 2004 मध्ये दिल्लीच्या डिफेन्स लॅबमधल्या संशोधकांनी लष्करातल्या जवानांना सूर्यनमस्कार घालायला लावून ते किती ऑक्सिजन वापरतात ते मोजलं होतं, त्यात एका सूर्यनमस्काराचा खर्च 13.91 कॅलरी आला. पण तो एक सूर्यनमस्कार तब्बल 3 मिनिटं 40 सेकंद चालला होता! प्रत्येक स्थितीत थांबत, सावकाश. म्हणजे मिनिटाला साधारण 3.8 कॅलरी. आपण एक घालतो 30-35 सेकंदांत, आणि त्याला आकडा मात्र पावणेचार मिनिटांचा लावतो. जवानांच्या त्या स्पीडने 108 घालायचे तर साडेसहा तास लागतील.

दुसऱ्या बाजूने पण तपासून बघा. आपल्या स्पीडने 108 साधारण तासाभरात होतात, आणि 70 किलोच्या माणसाने तासाभरात 1500 कॅलरी जाळणं म्हणजे नुसतं बसून राहिल्यावर जेवढी ऊर्जा लागते त्याच्या एकवीसपट जाळणं, आणि तेही सलग तासभर. जगातल्या टॉपच्या धावपटूंनाही हे जेमतेम झेपतं, तर सोसायटीच्या गच्चीवर कुठून होणार?

मग प्रामाणिक आकडा किती? सावकाश, आरामात घातले तर तासाला 250 च्या आसपास, आणि न थांबता दमछाक होईल असे घातले तर 500 पर्यंत जाऊ शकतात, सराव असलेल्या लोकांवर झालेल्या 2011 च्या एका अभ्यासात 60 किलोच्या माणसामागे अर्ध्या तासाला 230 असा आकडा आलाय. पण रोजचे 12 सूर्यनमस्कार सात मिनिटांत संपतात, म्हणजे 30 ते 60 कॅलरी. एक वडापाव साधारण 300 चा असतो.

आता याच 70 किलोच्या माणसाचा एक तास बाकीच्या व्यायामात बघू. यात एक गोष्ट लोक विसरतात, तो तास नुसतं बसून काढला असता तरी 70 कॅलरी गेल्याच असत्या, त्यामुळे त्या वजा करूनच बोलूया. आसनं, प्राणायाम, शेवटी शवासन असा साधा योगा क्लास केला तर वरचे साधारण 105. जिममध्ये वजनं उचलली तर 175, कारण सेट संपला की दोन मिनिटं आपण उभेच असतो. आणि भरभर चालणं, म्हणजे तासाला साडेपाच किलोमीटर, बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही असं, त्यात 230. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी, म्हणजे खाणं तेवढंच ठेवून रोज तासभर चाललात तर कागदावर तेहतीस-चौतीस दिवसांत एक किलो. प्रत्यक्षात भूक वाढते, उरलेल्या दिवसात हालचाल कमी होते, म्हणून जास्तच वेळ लागतो.

कॅलरी दाखवणाऱ्या स्मार्टवॉचवर पण फार विसंबू नका. ते मुख्यतः हृदयाचे ठोके आणि हाताची हालचाल यावरून अंदाज बांधतं, आणि एखाद्या आसनात ताण देऊन थांबलं, श्वास रोखला की ऑक्सिजन तेवढा न वापरता पण ठोके वाढतात, मग कॅलरीचा आकडा फुगतो.

मग वजनं कशाला उचलायची, चालण्यात जास्त जळतंय तर? कारण त्यांचं काम वेगळं आहे. कमी खाऊन वजन उतरवताना फक्त चरबी जात नाही, स्नायूही जातात, बऱ्याचदा घटलेल्या वजनाचा पाव हिस्सा तोच असतो. वजनं उचलली आणि डाळ, अंडी, पनीर असं प्रोटीन पुरेसं खाल्लं की शरीर स्नायू राखून ठेवतं. "स्नायू वाढले की झोपेत पण चरबी जळते" हे मात्र फार ताणलेलं आहे, एक किलो स्नायू बसल्या जागी दिवसाला जेमतेम 13 कॅलरी खातो.

सूर्यनमस्कार इथे थोडे कमी पडतात, छाती-खांद्यांना काम मिळतं पण ओढण्याचा व्यायाम जवळजवळ नसतोच, आणि भार कायम आपल्याच वजनाचा, तो वाढवत नेता येत नाही. लवचिकतेसाठी, पाठ मोकळी व्हायला जरूर घाला, मीही घालते. पण चरबीसाठी विचाराल तर रोज 40-45 मिनिटं चालणं, आठवड्यातून दोनदा वजनं, आणि दर रविवारी सकाळी उपाशीपोटी बेंबीपाशी टेपने कंबर मोजायची. महिन्याभरात टेप हलली नाही तर व्यायाम वाढवण्याआधी ताट बघायचं.