लहान क्लिनिकमधलं इन्स्ट्रुमेंट ऑटोक्लेव्हिंग

टाके घालणं, गळू फोडणं, रुतलेलं नख काढणं असल्या कामांना लहान क्लिनिकमध्ये लागणारं जे सामान असतं, म्हणजे आर्टरी फोर्सेप, नीडल होल्डर, कात्री, टूथ फोर्सेप, ब्लेड लावायचं बीपी हँडल, ते एका पेशंटनंतर दुसऱ्याला वापरता यावं म्हणून धुणं, पॅक करणं, वाफेवर निर्जंतुक करणं आणि त्याची नोंद ठेवणं, अशी ही सगळी पद्धत आहे. ब्लेड आणि सुया यात येत नाहीत, त्या वापरल्या वापरल्या पांढऱ्या शार्प्सच्या डब्यात जातात.

ऑटोक्लेव्ह म्हणजे दिसायला मोठा कुकर, आणि गावोगावच्या क्लिनिकमध्ये अजून उभा, झाकणाला नट असलेला, हीटरवर चालणाराच जास्त दिसतो. यात जंतू मारते ती वाफ, नुसती उष्णता नाही. वाफ गार धातूला लागली की तिचं पाणी होतं आणि ते होताना ती आपली सगळी उष्णता तिथेच सोडते, म्हणून १२१ अंशाला अर्ध्या तासात काम होतं, तेच कोरड्या हवेच्या ओव्हनला १६० अंशाला दोन तास लागतात. म्हणजे जिथे वाफ पोचली नाही तो भाग निर्जंतुक झाला नाही, एवढं डोक्यात ठेवलं की पुढची प्रत्येक पायरी कशासाठी आहे ते आपोआप कळतं.

सुरुवात धुण्यापासून, आणि खरं तर प्रोसिजर संपल्या संपल्या. रक्त वाळलं की ते आर्टरीच्या सांध्यात आणि दातांत असं चिकटतं की वाफेला आतलं स्टील सापडतच नाही, म्हणून लगेच धुता येत नसेल तर निदान ओल्या कपड्याखाली झाकून ठेवायचं. बरेच जण इन्स्ट्रुमेंट ब्लीचच्या पाण्यात टाकून ठेवतात, ते करू नये, क्लोरीनने स्टीलला खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांत पुढच्या वेळचं रक्त बसतं. सलाईनचंही तेच. एन्झाइमचं क्लीनर बाटलीवर लिहिलेल्या मापाने कोमट पाण्यात मिसळायचं, सगळे सांधे उघडे ठेवून सामान बुडवायचं, मग नायलॉनच्या मऊ ब्रशने घासायचं. घासताना इन्स्ट्रुमेंट पाण्याखालीच राहिलं पाहिजे, वर धरून घासलं तर थेंब उडतात ते थेट मावशींच्या डोळ्यात, म्हणून जाड रबरी ग्लोव्हज, चष्मा आणि प्लास्टिकचा एप्रन हवाच. शेवटचं पाणी आरओचं किंवा डिस्टिल्ड, कारण बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर वाळल्यावर दातांत बसतो. मग पूर्ण कोरडं करायचं आणि उजेडात धरून बघायचं, लॉक धरतंय का, टोकं जुळतायत का, सांध्यात तपकिरी काही दिसतंय का, दिसलं तर परत धुवायला. सांधा जड झाला असेल तर इन्स्ट्रुमेंटसाठीचं पाण्यात विरघळणारं वंगणच वापरायचं, शिवणयंत्राचं तेल नको, तेलाच्या थरातून वाफ आत जात नाही.

पॅकिंगला दोन पदरी सुती कापड किंवा एका बाजूने कागद असलेलं पाऊच चालतं. आर्टरी आणि कात्री लॉक न करता उघडीच ठेवायची, वाट्या आणि किडनी ट्रे आडवे किंवा उपडे, सरळ ठेवले तर हवा तळाशी साचून राहते. पॅकऐवजी भोकांचा स्टीलचा डबा, म्हणजे ड्रम, वापरत असाल तर त्याच्या बाजूची भोकं आत जाताना उघडी आणि बाहेर आल्या आल्या बंद, ही चूक इतकी होते की भोकं उघडली का हे दुसऱ्या माणसाने बघायची पद्धत ठेवलेली बरी. पॅकवर ऑटोक्लेव्हची टेप, म्हणजे गरम झाल्यावर जिच्यावर काळ्या रेघा उमटतात ती, लावून त्यावर तारीख, सायकल नंबर, आत काय आहे ते आणि पॅक करणाऱ्याची सही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हवा. ऑटोक्लेव्ह सुरू करताना आतमध्ये हवा भरलेली असते आणि ती बाहेर काढावी लागते, त्यासाठी हवा-वाफ बाहेर सोडायचा व्हेंट उघडा ठेवायचा आणि वाफेची सलग जोरदार धार यायला लागल्यावरही काही मिनिटं थांबून मगच बंद करायचा. घाईने बंद केला तर काटा १५ पौंडावर जातो खरा, पण तो दाब वाफ आणि हवा दोघांचा मिळून असतो. सगळी हवा गेली असेल तर १५ पौंडाला १२१ अंश मिळतात, अर्धीच गेली असेल तर साधारण ११२, आणि अजिबात गेली नसेल तर जेमतेम १००. काटा तिन्ही वेळा १५ च दाखवतो! म्हणून पॅक केलेल्या सामानाची ३० मिनिटं काटा वर गेल्यापासून नाही, तर १२१ अंश गाठल्यापासून मोजायची, आणि मध्येच लाइट गेली तर परत शून्यापासून. झाल्यावर दाब शून्यावर आला की झाकण थोडं उघडून पॅक आतच सुकू द्यायचे. पॅक ओला निघाला तर तो निर्जंतुक धरायचा नाही, ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत शिरतात. गरम पॅक थंड स्टीलच्या रॅकवर ठेवला तरी खालून ओला होतो.

रजिस्टरमध्ये प्रत्येक सायकलला एक ओळ: तारीख, सायकल नंबर, आत काय काय होतं, हीटर कधी लावला, १२१ कधी गाठलं, कधी बंद केला, टेप आणि आतल्या इंटिग्रेटर पट्टीचा निकाल, सही. टेपवरच्या काळ्या रेघा फक्त एवढंच सांगतात की पॅक आत जाऊन आला, निर्जंतुक झाला हे नाही सांगत. पॅकच्या मधोमध ठेवलेली इंटिग्रेटर पट्टी त्यापेक्षा बरीच जास्त सांगते. आठवड्यातून एकदा स्पोअरची वायल, म्हणजे उष्णतेला सहज न मरणाऱ्या जंतूंची बंद कुपी, पॅकच्या आत घालून चालवायची, मग ती ५५ ते ६० अंशाच्या इन्क्युबेटरमध्ये, सोबत न चालवलेली एक कंट्रोल वायल. बहुतेक वायलींमध्ये जांभळा रंग तसाच राहिला तर पास, पिवळा झाला तर फेल, आणि कंट्रोल पिवळी झालीच पाहिजे, नाहीतर ती टेस्टच धरायची नाही.

समजा सायकल २०४ ची वायल पास झाली आणि पुढच्या सोमवारी २१३ ची दुसऱ्या दिवशी पिवळी निघाली, कंट्रोलही पिवळी. मग मशीन तिथेच बंद, आणि संशयित फक्त २१३ नाही तर २०५ पासूनच्या सगळ्या नऊ सायकली, कारण शेवटची खात्री २०४ ला होती. कपाटातले त्या नंबरांचे पॅक बाहेर काढून धुण्यापासून परत. मग रजिस्टर उघडून बघायचं, तर २०८ पर्यंत हीटर लावल्यापासून १५ पौंड यायला ३५-३६ मिनिटं लागत होती आणि २०९ पासून एकदम २५, लोड तेवढाच. या मशीनला थर्मामीटर नाही, म्हणून १२१ च्या रकान्यात काट्याचीच वेळ लिहिली जात होती. दाब इतका लवकर चढला म्हणजे व्हेंट लवकर बंद झाला, आणि सहीचा रकाना बघितला तर २०९ पासून नवीन माणूस. टेप सगळ्यांच्या काळ्याच होत्या, आणि आत पट्टी ठेवायची राहून जात होती. आता २०५ ते २१३ मधले जे पॅक वापरले गेले ते कुणाला, हे कळायचा एकच मार्ग, पॅक उघडताना टेपवरचा तुकडा पेशंटच्या केस पेपरला चिकटवलेला असणं. तो असेल तर डॉक्टर त्या पाच-सात पेशंटना बोलावून सांगू शकतात आणि जखमा तपासू शकतात, नसेल तर आठवडाभरातले सगळेच पेशंट बोलवावे लागतात. व्हेंट नीट चालवून नवीन वायल पास झाल्याशिवाय मशीन कामाला घ्यायचं नाही, आणि त्या पास झालेल्या सायकलीचा नंबर रजिस्टरमध्ये लाल पेनाने लिहायचा, पुढच्या वेळी मोजायला तिथूनच सुरुवात होते.